स्टॅटिन यकृतात काय करतं, आणि मांड्या दुखल्या तर दोष कुणाचा?

प्रश्न: वय ५८. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातली अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमची गोळी सुरू होऊन दोन महिने झाले. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ वरून ९२ वर आलं. पण तिसऱ्या आठवड्यापासून दोन्ही मांड्या दुखतात, उजवा खांदाही दुखतो. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, २९० आलं, लॅबची वरची मर्यादा २०० आहे. आठवडाभर गोळी बंद केली तर बरं वाटलं. म्हणजे हे स्टॅटिनचंच दुखणं ना? आणि लिव्हरवर काम करणाऱ्या गोळीने स्नायू का दुखावेत?

उत्तर: खांद्याचं दुखणं बहुधा स्टॅटिनचं नाही. मांड्यांचं असू शकतं, पण गोळी बंद केल्यावर बरं वाटलं एवढ्यावरून ते ठरत नाही. असं का म्हणतो ते नीट कळायला आधी हे औषध यकृतात जाऊन नेमकं काय करतं ते पाहू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की स्टॅटिन रक्तातलं कोलेस्टेरॉल विरघळवतं किंवा जाळतं. तसं काही होत नाही. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएलच्या कणाला हे औषध हातसुद्धा लावत नाही. ते यकृताच्या पेशीत शिरतं आणि तिथे कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतली एक पायरी अडवतं. ही साखळी जवळजवळ तीस पायऱ्यांची आहे. तिच्या सुरुवातीलाच एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम आहे आणि पूर्ण साखळीचा वेग तेच ठरवतं. स्टॅटिनच्या रेणूचा एक भाग या एन्झाइमच्या कच्च्या मालासारखाच दिसतो. तो एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसला की खऱ्या कच्च्या मालाला जागा उरत नाही. पुढचा पदार्थ, म्हणजे मेव्हॅलोनेट, कमी तयार होतो आणि म्हणून त्यापासून बनणारं कोलेस्टेरॉलही कमी होतं.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण उत्पादन घटलं म्हणून रक्तातलं एलडीएल उतरलं, हा हिशेब अर्धवट आहे. खरी गंमत यानंतर सुरू होते.

यकृताच्या पेशीला पित्ताम्ल बनवायला, स्वतःचं आवरण राखायला आणि इतर कामांना कोलेस्टेरॉल सतत लागतं. ते कमी पडतंय का, यावर पेशीची आतून बारीक नजर असते. पेशीच्या आतल्या एका पडद्यात एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन त्याच्या सोबती प्रथिनासह अडकवून ठेवलेलं असतं. पडद्यात कोलेस्टेरॉल भरपूर असेल तोवर ते तिथून हलत नाही. कोलेस्टेरॉल घटलं की ही जोडी सुटते आणि पेशीच्या दुसऱ्या भागात जाते. तिथे दोन एन्झाइम एसआरईबीपी-२ चे तुकडे करतात आणि सुटा झालेला एक तुकडा थेट केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करतो. त्यातलं आपल्या कामाचं जनुक एलडीएल रिसेप्टरचं.

मग पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर वाढतात. एलडीएलचा कण जवळून गेला की रिसेप्टर त्याला पकडतो आणि दोघेही पेशीत ओढले जातात. आत आम्लता वाढली की कण सुटतो आणि त्याचे तुकडे होऊन कोलेस्टेरॉल पेशीला मिळतं. रिसेप्टर मात्र रिकामा होऊन परत पृष्ठभागावर येतो. अशा एका फेरीला साधारण दहा मिनिटं लागतात आणि आयुष्य संपेपर्यंत एक रिसेप्टर शंभरावर फेऱ्या करू शकतो. तुमचं एलडीएल १६८ वरून ९२ वर आलं त्याचं मुख्य कारण हे. कारखाना मंदावला, हे खरं, पण रक्तातलं एलडीएल उतरलं ते यकृताने भुकेपोटी ते जास्त उचललं म्हणून.

याचा पुरावा निसर्गानेच दिला आहे. एलडीएल रिसेप्टरचं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही पूर्ण निकामी आलेलं असेल, तर एलडीएल लहानपणापासून प्रचंड वाढलेलं असतं आणि स्टॅटिनचा फारसा उपयोग होत नाही. उचलायला हमालच नसतील तर मागणी वाढवून काय होणार? या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासातूनच मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी रिसेप्टरची ही यंत्रणा उलगडली आणि १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता तुमच्या आकड्यांकडे वळू. १६८ वरून ९२ म्हणजे ४५ टक्के घट. २० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनने सरासरी ४३ टक्क्यांच्या आसपास घट होते, म्हणजे गोळी तुमच्यात अपेक्षेप्रमाणे चालते आहे. इथे लोक विचारतात, डोस दुप्पट केला तर घटही दुप्पट का नाही? तसं होत नाही. दर वेळी डोस दुप्पट केला की मूळ एलडीएलच्या साधारण सहा टक्केच जास्तीची घट मिळते. तुमच्या बाबतीत ४० मिलिग्रॅमने आणखी दहाएक आकडे उतरतील, म्हणजे ८२ च्या आसपास. कारण केंद्रकात गेलेला तो तुकडा फक्त रिसेप्टरचं जनुक चालू करत नाही. तो रिडक्टेजचंही जनुक चालू करतो, म्हणून पेशी अडवलेलं एन्झाइमच जास्त बनवायला लागते. शिवाय तो पीसीएसके-९ नावाचं प्रथिन वाढवतो, आणि हे प्रथिन रिसेप्टरला परत पृष्ठभागावर येऊ न देता मोडीत काढतं. थोडक्यात, पेशी एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने थोडं काढून घेते.

ही भरपाई किती जोरकस असू शकते याचं उदाहरण औषधाच्या शोधातच आहे. जपानमधील संशोधक अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीच्या हजारो नमुन्यांतून पहिलं स्टॅटिन शोधलं. उंदरांवर ते चाललंच नाही. त्यांच्या यकृताने एन्झाइम इतकं वाढवलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल हललं नाही. औषध तिथेच बाद व्हायचं, पण पुढे कोंबड्या आणि कुत्र्यांवर ते चाललं आणि रस्ता मोकळा झाला. पहिलं स्टॅटिन बाजारात यायला मात्र १९८७ साल उजाडलं.

म्हणूनच एलडीएल आणखी उतरवायचं असेल तर डोस वाढवत नेण्यापेक्षा आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं रोखणारं इझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडणं बहुतेक वेळा फायद्याचं पडतं. आहे त्या पातळीपासून आणखी वीसएक टक्के घट मिळते. तुमचं ९२ होईल साधारण ७४. हे आत्ताच करायला हवं असं नाही, पण पुढच्या हिशेबात हा आकडा लागणार आहे.

मग स्नायूंचा काय संबंध?

रिडक्टेज फक्त यकृतात नसतं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत ते असतं, स्नायूतही. मेव्हॅलोनेटपासून नुसतं कोलेस्टेरॉल बनत नाही. स्नायूच्या ऊर्जेला लागणारं कोएन्झाइम क्यू-१० आणि पेशीतल्या काही प्रथिनांना जागेवर बसवणाऱ्या साखळ्याही त्याच वाटेवर तयार होतात. म्हणून स्टॅटिन मोठ्या प्रमाणात स्नायूत पोचलं तर त्रास व्हावा हे तर्काला धरून आहे. प्रश्न आहे तो पोचतं किती याचा.

इथे यकृताची रचना आपल्या बाजूने आहे. आतड्यातून शोषलेलं औषध इतर शरीरात जाण्याआधी यकृतात जातं. यकृताच्या पेशींवर ओएटीपी-१बी१ नावाचं एक दार आहे आणि ते स्टॅटिनला आत ओढून घेतं. पहिल्याच फेरीत बराचसा भाग तिथे अडकतो. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या घेतलेल्या डोसपैकी साधारण १४ टक्के औषध तसंच मुख्य रक्तप्रवाहात पोचतं, सिम्व्हास्टॅटिनच्या बाबतीत तर पाच टक्क्यांहून कमी. म्हणजे औषध जिथे हवं तिथे भरपूर आणि स्नायूपर्यंत अगदी थोडं.

ही व्यवस्था कोलमडते तेव्हा काय होतं, हेही माहीत आहे. काही लोकांमध्ये त्या दाराचं जनुक, एसएलसीओ१बी१, थोडं बदललेलं असतं. दार नीट उघडत नाही, औषध यकृतात न जाता रक्तात साचतं आणि स्नायूंना जास्त मिळतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सिम्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ज्यांच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या होत्या, त्यांना स्नायूंच्या खऱ्या आजाराचा धोका सुमारे १७ पट आढळला. सिम्व्हास्टॅटिनचा तो डोस आता नव्याने सुरू केला जात नाही. दुसरी वाट औषधांच्या झटापटीची. सिम्व्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ज्या एन्झाइमने मोडलं जातं, ते क्लॅरिथ्रोमायसिन किंवा इट्राकोनॅझोलसारख्या औषधांनी बंद पडतं. खोकल्यासाठी घेतलेला अँटिबायोटिकचा आठवड्याचा कोर्स अशा वेळी महागात पडू शकतो. जेमफिब्रोझिल आणि सायक्लोस्पोरिन यांच्याशीही जमत नाही, तर गाउटसाठीच्या कोल्चिसिनबरोबर जपून घ्यावं लागतं. तुमच्या दोन महिन्यांत असं कुठलं औषध मध्ये येऊन गेलं का, ते आधी आठवा. दुखण्याच्या तपासात हा पहिला प्रश्न असायला हवा आणि तोच बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो.

क्यू-१० च्या गोळ्या लोक स्वतःच सुरू करतात, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. स्टॅटिनने रक्तातलं क्यू-१० घटतं हे खरं आहे, पण ते मुळात एलडीएलच्या कणांवर बसूनच फिरतं. कण कमी झाले की तेही कमी दिसणार. स्नायूत ते घटतंच असं सातत्याने दिसलेलं नाही, आणि या गोळ्यांनी दुखणं थांबतं असंही चाचण्यांतून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. घेतल्या तर फारसं बिघडणार नाही, पण त्यांच्या भरवशावर निदान करू नका.

दुखतं तर खूप जणांना. ते कशामुळे?

खरं आहे, खूप जणांना दुखतं. पण ज्यांना औषधच मिळालं नाही त्यांनाही जवळपास तेवढंच दुखतं. २०२२ मध्ये १९ चाचण्यांतल्या सुमारे १,२४,००० लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. या चाचण्यांत निम्म्यांना स्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली होती. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही. काही वर्षांच्या काळात स्नायू दुखल्याची किंवा अशक्तपणाची तक्रार केलेले लोक स्टॅटिनच्या गटात २७.१ टक्के होते, प्लासिबोच्या गटात २६.६ टक्के.

फरक शून्य नाही, हेही बघा. पहिल्या वर्षात स्टॅटिनच्या गटात दर हजारी सुमारे ११ तक्रारी जास्त आल्या, बहुतेक सौम्य. त्यानंतर ठळक फरक उरला नाही. हिशेब केला तर पहिल्या वर्षात स्टॅटिन घेताना दुखणाऱ्या पंधरा जणांत साधारण एकाचं दुखणं खरोखर औषधाचं. उरलेल्या चौदांचं दुखणं खोटं नाही. त्यांचे स्नायू, सांधे, कंबर दुखतातच, फक्त कारण दुसरं असतं. पन्नाशी-साठीत असं दुखणं मुळातच भरपूर असतं आणि स्टॅटिन सुरू होण्याचं वयही तेच.

आता तुमचा नेमका मुद्दा: गोळी थांबवली आणि बरं वाटलं. याचं उत्तर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये झालेल्या ‘सॅमसन’ नावाच्या चाचणीत फार नेमकं मिळतं. त्यात ६० लोक घेतले होते, सगळे असे की त्रास झाला म्हणून त्यांनी स्टॅटिन सुरू करून दोन आठवड्यांतच सोडलं होतं. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, म्हणजे तुमचाच डोस. चार बाटल्यांत हुबेहूब तशाच दिसणाऱ्या प्लासिबो गोळ्या आणि चार बाटल्या रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. रोज फोनवर ० ते १०० यांपैकी एक आकडा देऊन आज किती त्रास झाला ते नोंदवायचं.

रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी त्रास ८.०. प्लासिबोच्या महिन्यांत १५.४. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. गोळी घेतल्याने त्रास वाढला तो आठ आकड्यांहून थोडा जास्त, पण त्यातला सुमारे ९० टक्के भाग प्लासिबोच्या गोळीनेही तसाच वाढला. याला नोसिबो परिणाम म्हणतात, म्हणजे त्रास होईल या अपेक्षेने होणारा त्रास. हे दुखणं मनाचे खेळ म्हणून उडवून लावायचं नाही. त्या लोकांना खरोखर दुखत होतं, काहींनी तर प्लासिबोच्या महिन्यातसुद्धा सहन होईना म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडल्या.

तुमच्यासाठी यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गोळी सुरू केल्यावर त्रास किती लवकर वाढला आणि बंद केल्यावर किती लवकर उतरला, यात स्टॅटिन आणि प्लासिबोमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे बंद करून बरं वाटणं ही खूण दोन्हीकडे सारखीच उमटते. तिच्यावरून कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

मात्र या चाचणीचा अर्थ ताणू नये. तिच्यात स्नायूंचा गंभीर आजार झालेले लोक नव्हते, आणि ती साठ जणांची सरासरी आहे. एखाद्या माणसाचे स्नायू स्टॅटिननेच दुखत असतील, हे ती नाकारत नाही.

औषधाचं खरं दुखणं कसं असतं

बहुधा दोन्ही बाजूंना सारखं, आणि मोठ्या स्नायूंत: मांड्या, नितंब, पोटऱ्या, कधी दोन्ही खांद्यांभोवती. सुरुवात साधारणपणे औषध चालू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत. बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत उतरतं. पुन्हा सुरू केल्यावर चार आठवड्यांच्या आत तसंच परत येतं. एकाच सांध्यात दुखणं, टोचल्यासारखी कळ, मुंग्या, रात्री येणारे पोटरीचे गोळे किंवा कमरेतून पायात उतरणारी वेदना असेल तर संशय कमी करावा.

या कसोटीवर तुमचं दुखणं लावून बघू. तिसऱ्या आठवड्यात, दोन्ही मांड्या: हे स्टॅटिनच्या बाजूने. एकटा उजवा खांदा: विरुद्ध. हात डोक्यावर नेताना किंवा त्या कुशीवर झोपल्यावर तो जास्त दुखत असेल तर सांध्याची तपासणी करून घ्या, त्याचा आणि गोळीचा हिशेब एकत्र मांडू नका. मांड्यांच्या बाबतीत एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. कोलेस्टेरॉल वाढल्याचं कळल्यावर पुष्कळ लोक त्याच आठवड्यात चालणं, जिने, व्यायाम सुरू करतात. तसं झालं असेल तर मांड्या दुखायला तेवढं कारण पुरेसं आहे.

सीपीके २९० म्हणजे वरच्या मर्यादेच्या दीडपटही नाही. एवढी वाढ एखाद दिवसाच्या दमवणाऱ्या व्यायामाने, स्नायूत घेतलेल्या इंजेक्शनने किंवा पडझडीने होते आणि काही दिवस टिकते. धडधाकट लोकांतही, विशेषतः स्नायू भरलेल्या माणसांत, मुळातच इतकं सीपीके असू शकतं. औषध सुरू करण्याआधीचा तुमचा आकडा असता तर तुलना करता आली असती. म्हणून परत तपासताना आधीचे तीन-चार दिवस दमवणारा व्यायाम करू नका. चारपटीच्या वर गेलं तर गोळी थांबवून लक्ष ठेवायचं. दहापटीच्या वर, म्हणजे तुमच्या लॅबच्या हिशेबाने २००० च्या पुढे, तर प्रकरण गंभीर.

त्याच रक्तातून थायरॉइडची टीएसएच तपासणी जरूर करा. थायरॉइड मंदावला की एलडीएल वाढतं आणि स्नायूही दुखतात. म्हणजे कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू होतं, दुखण्याचं खापर स्टॅटिनवर फुटतं आणि दोन्हीमागचा खरा दोषी तपासलाच जात नाही. सोबत क्रिएटिनिन आणि एसजीपीटी बघून घ्या. किडनी किंवा लिव्हर मंद असेल तर औषध रक्तात जास्त वेळ राहतं.

आता करायचं काय

तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेला असेल, स्टेंट असेल किंवा पक्षाघात झालेला असेल, तर पुढचं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. नसेल, तरी त्यांना सांगूनच करा, पण रीत साधारण अशी ठेवा.

आठवडाभर बंद करणं पुरेसं नाही. पूर्ण चार आठवडे बंद ठेवा. एलडीएल पुन्हा वर जाईल, एवढ्या काळापुरतं ते चालतं. गोळी बंद असतानाही रोज रात्री एकाच वेळी दोन आकडे लिहा, मांड्यांना ० ते १० आणि खांद्याला वेगळे ० ते १०. शेजारी त्या दिवशी किती चाललात किंवा काय श्रम झाले ते एका ओळीत. ही वही कंटाळवाणी वाटेल, पण आठवणीतून सांगितलेलं दुखणं आणि रोज लिहिलेलं दुखणं यात केवढा फरक पडतो, ते महिन्याने तुम्हालाच दिसेल.

चार आठवड्यांनी मांड्यांचा आकडा उतरलाच नसेल तर स्टॅटिन बहुधा दोषी नाही. कारण दुसरीकडे शोधा आणि तीच गोळी परत सुरू करा. उतरला असेल तर तीच २० मिलिग्रॅमची गोळी पुन्हा चालू करून आणखी चार आठवडे वही चालू ठेवा. इथे लोक घाबरून डोस कमी करतात आणि कोडं तसंच राहतं. सीपीके मर्यादेच्या चारपटीखाली असेल आणि अशक्तपणा नसेल तर त्याच डोसवर परत जाऊन बघणं सुरक्षित असतं आणि उत्तर स्वच्छ मिळतं. दुखणं परत आलं नाही, तर पहिलं दुखणं योगायोगाचं किंवा श्रमाचं होतं. तशाच जागी, तशाच आकड्यांनी परत आलं, तर पंधरांतला तो एक तुम्ही असू शकता.

तसं झालं तरी स्टॅटिनशी काडीमोड घ्यायची गरज नाही. पुन्हा दुखणं उतरू द्या आणि रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम सुरू करा. ते मोडीत काढायची शरीराची वाट वेगळी आहे, आणि एवढ्याशा डोसनेही एलडीएल सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास उतरतं. रोज सोसवत नसेल तर एक दिवसाआड. त्याचा प्रभाव शरीरात लांब टिकतो, त्यामुळे दिवसाआडही बऱ्यापैकी काम होतं. तरी आकडा ध्येयापर्यंत येत नसेल तर मघाशी सांगितलेलं इझेटिमाइब जोडा. त्याचं काम आतड्यात चालतं, स्नायूंशी त्याचा फारसा संबंध येत नाही.

थांबू नये अशा खुणा

दुखणं आणि अशक्तपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात न टेकता खुर्चीतून उठता येत नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो, केस विंचरताना हात वर टिकत नाही, असं झालं तर दुखणं कितीही थोडं असो, गोळी बंद करून लगेच सीपीके करा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायू तुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण असते. हे फार विरळ आहे. दहा हजार लोकांनी पाच वर्षं स्टॅटिन घेतलं तर स्नायूंचा खरा आजार साधारण पाच जणांना होतो आणि त्यातला एखादाच या टोकाला जातो.

आणखी एक प्रकार लक्षात असू द्या, कारण तो सहज निसटतो. क्वचित काही जणांमध्ये शरीर रिडक्टेजविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं. मग गोळी बंद करूनही अशक्तपणा वाढत जातो आणि सीपीके काही हजारांत राहतं. अशा वेळी ‘अजून थोडे दिवस थांबू’ म्हणत बसायचं नाही. अँटी-एचएमजीसीआर अँटिबॉडीची तपासणी करून संधिवाततज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं, कारण याला प्रतिकारशक्ती आटोक्यात आणणारे उपचार लागतात आणि स्टॅटिन पुन्हा कधीच देत नाहीत.

तुमच्या लिहिण्यात यातलं काहीच दिसत नाही. तेव्हा आजपासून वही सुरू करा आणि टीएसएच, क्रिएटिनिन, एसजीपीटी, सीपीके या आठवड्यात करून घ्या. गोळी पुन्हा चालू झाली, तर लिपिड प्रोफाइल त्या दिवसापासून सहा आठवड्यांनी करा, आधी नको. स्टॅटिनचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी काढलेला आकडा बघून डोस बदलला जाईल आणि वहीतल्या नोंदींचा अर्थ लावणं पुन्हा अवघड होऊन बसेल.